पासबुकातली चिठ्ठी : नॉमिनी म्हणजे वारस नव्हे, मग कोण?

बोईसर : बोईसरहून चिंचणीकडे जाताना लागणाऱ्या एका गावात आमच्या ओळखीच्या एक आजी राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मागच्या महिन्यात त्या बोईसरच्या एका बँकेत पेन्शनचे पैसे काढायला गेल्या होत्या. काउंटरवरच्या क्लार्क ताईंनी कॉम्प्युटरमध्ये बघून विचारलं, "आजी, तुमच्या खात्याला नॉमिनी आजोबा आहेत. ते आहेत ना?" आजी म्हणाल्या, "ते जाऊन सहा वर्षं झाली. पण नॉमिनी म्हणजे काय गं बाय? वारसच ना?"

मागे रांग होती. ताईंनी दोन शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, पण आजींच्या डोक्यात काही शिरलं नाही. मग जेवणाच्या सुट्टीत ताईंनी पैसे भरायच्या स्लिपच्या कोऱ्या बाजूवर एक चिठ्ठी लिहिली आणि आजींच्या पासबुकात ठेवून दिली. घरी गेल्यावर नातवाने ती वाचून दाखवली. नातू आमच्या वाडीत येत असतो, त्याने ती मलाही दाखवली. आजींची आणि ताईंची दोघींची परवानगी घेऊन, नावं न लिहिता, ती चिठ्ठी इथे देत आहे.

"आजी, नमस्कार.

तुम्ही विचारलंत नॉमिनी म्हणजे काय. गर्दीत नीट सांगता आलं नाही. नातवाकडून हे वाचून घ्या.

तुमच्या माघारी बँक ज्याच्या हातात पैसे देते तो नॉमिनी. तो पैसे घ्यायला येणारा माणूस. तो पैशाचा मालक होतो असं नाही.

आपण भातगिरणीवर भात टाकतो आणि तांदूळ आणायला घरातल्या एकाला पाठवतो. गिरणीवाला त्याच्या हातात गोण देतो. म्हणून काय सगळा तांदूळ त्याचा झाला? तांदूळ घराचा. नॉमिनी तसाच.

तुमच्या सेव्हिंग खात्यावर आजोबांचं नाव आहे. ते आता नाहीत, म्हणून त्या नावाचा उपयोग नाही. नवीन द्यावं लागेल. एफडीवर मोठ्या मुलाचं नाव आहे. ते ठेवायचं का बदलायचं ते तुम्ही ठरवा. बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.

कोणाला किती मिळायला पाहिजे ते या फॉर्मवर ठरत नाही. तसं काही मनात असेल तर मृत्युपत्र करा.

येताना आधार, पासबुक आणि एफडीची पावती आणा. तुम्ही अंगठा करता, म्हणून दोन साक्षीदार सोबत आणा."

एवढीच चिठ्ठी. पण आपल्याकडे जमिनीचे पैसे आले त्या घरांतून ही चिठ्ठी फिरायला पाहिजे असं मला वाटलं. बुलेट ट्रेन, एक्सप्रेस वे, मालगाडीचा मार्ग यांच्यासाठी जमिनी गेल्या, मोबदला आला, एफड्या झाल्या. एफडी करताना फॉर्मवर "नॉमिनी" असं लिहिलेल्या रकान्यात शेजारी जो उभा होता त्याचं नाव पडलं. बहुतेक वेळा मोठा मुलगा. खातेदाराला वाटतं, ज्याचं नाव लिहिलं त्यालाच पैसे मिळणार. मुलालाही तेच वाटतं. आणि बाकीच्या मुलींना, भावांना वाटतं की आपला आता काही हक्क राहिला नाही. तिघांचाही समज चुकीचा आहे.

बँकेला नॉमिनी कशाला लागतो

खातेदार वारला की बँकेपुढे एक अडचण उभी राहते. पैसे तर द्यायचे आहेत, पण कोणाला? घरात कोण कोण आहे, कोणाचं कोणाशी पटतं, हे बँकेला माहीत नसतं. एका मुलाला पैसे दिले आणि उद्या दुसरा येऊन म्हणाला, "माझा वाटा कुठे?" तर बँक अडकेल.

ही अडचण सोडवायला बँकिंग रेग्युलेशन अ‍ॅक्ट, म्हणजे १९४९ च्या बँकिंग कायद्यात, पुढे नॉमिनीचं कलम घातलं गेलं. ते कलम ४५ झेडए. त्याचा साधा अर्थ असा की खातेदाराने जिवंतपणी लिहून दिलेल्या माणसाला बँकेने पैसे दिले की बँक मोकळी. नंतर कोणी वारस बँकेला "आमचे पैसे तुम्ही त्याला का दिलेत" असं विचारू शकत नाही.

पण वारस नॉमिनीला मात्र विचारू शकतो, आणि सगळा घोळ इथेच होतो. बँकेची जबाबदारी संपली म्हणजे नॉमिनीची संपली असं नाही. गिरणीवाल्याने गोण दिली, त्याचं काम झालं. आता तांदूळ घरी आणून ज्याचा त्याला देणं हे गोण घेणाऱ्याचं काम.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. एका कुटुंबात वारलेल्या माणसाच्या बँक खात्याला घरातलाच एक जण नॉमिनी होता. त्याचं म्हणणं, नॉमिनी मी, म्हणजे पैसे माझे. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २०१० साली कोर्टाने सांगितलं की नॉमिनीला बँकेकडून पैसे घेण्याचा हक्क आहे, पण तेवढ्याने तो मालक होत नाही. पैसे खातेदाराच्या मालमत्तेत धरायचे आणि वारसा कायद्याप्रमाणे वाटायचे.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण तर सगळ्यांना माहीत असलेल्या नावाचं आहे. ज्यांचं कालनिर्णय आपल्या प्रत्येक घरात भिंतीवर लटकतं, ते जयंतराव साळगावकर. त्यांनी २०११ साली मृत्युपत्र केलं होतं. ऑगस्ट २०१३ मध्ये ते गेले. त्यांच्या मागे एफड्या होत्या आणि म्युच्युअल फंडातही पैसे होते. म्युच्युअल फंडाला जे नॉमिनी होते त्यांचं म्हणणं पडलं की ते पैसे पूर्णपणे आमचेच. हे भांडण मुंबई हायकोर्टात गेलं. २०१६ साली हायकोर्टाने नॉमिनीच्या विरोधात निकाल दिला. प्रकरण पुढे दिल्लीला गेलं आणि १४ डिसेंबर २०२३ रोजी सुप्रीम कोर्टाने तोच निकाल कायम ठेवला : शेअर आणि म्युच्युअल फंड असले तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. माणूस गेल्यापासून निकाल लागेपर्यंत दहा वर्षं. घरात शिकलेली माणसं, मृत्युपत्र केलेलं, तरी नॉमिनी या एका शब्दावरून एवढा वेळ गेला. आपल्यासारख्यांनी तर आधीच समजून घ्यायला हवं.

एक गोष्ट वेगळी आहे ती इथेच सांगतो. आयुर्विम्याच्या पॉलिसीला हा नियम जसाच्या तसा लागू नाही. २०१५ साली विमा कायदा बदलला. पॉलिसीवर नवरा, बायको, मुलं किंवा आईवडील यांचं नाव नॉमिनी म्हणून असेल तर ते पैसे साधारणपणे त्यांचेच होतात. म्हणून "माझ्या मावशीच्या विम्यात तर नॉमिनीलाच मिळाले" असं कोणी सांगितलं तर ते खरं असू शकतं, पण ते बँकेच्या एफडीला लावू नका.

आजींच्या घरातला हिशोब

आता आजींचंच उदाहरण घेऊ. त्यांना दोन मुलगे आणि एक मुलगी. मोठा आजींजवळ राहतो, शेती बघतो. धाकटा तारापूर एमआयडीसीत कंपनीत आहे, भाड्याने बोईसरला राहतो. मुलगी डहाणूकडे दिली आहे. जमिनीच्या मोबदल्यातली आजींच्या नावावर सहा लाखांची एफडी आहे. तिच्यावर नॉमिनी मोठा मुलगा.

समजा आजी गेल्या आणि मृत्युपत्र केलेलं नाही. मोठा मुलगा बँकेत जाईल. क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि स्वतःची ओळखपत्रं देईल. बँक त्याला सहाच्या सहा लाख देईल. ते बरोबरच आहे. भावाबहिणीची सही बँक मागणार नाही, कोर्टाचा कागदही मागणार नाही. फक्त कोर्टाने पैसे देऊ नका असा आदेश दिला असेल तरच बँक थांबेल.

पण ते सहा लाख घरी आले की त्यांचे मालक तिघं आहेत. आजी हिंदू उत्तराधिकार कायद्यात येतात, आजोबा आधीच गेलेले, म्हणून दोन मुलगे आणि मुलगी यांना सारखा वाटा. प्रत्येकी दोन लाख. मुलीचं लग्न झालं, तिला लग्नात दागिने दिले, याने तिचा वाटा कमी होत नाही. मोठ्याने वाटा दिला नाही तर बहीण त्याच्यावर दावा लावू शकते. बँकेवर नाही, भावावर.

म्हणजे नॉमिनी नेमताना एकच प्रश्न विचारायचा. मी गेल्यावर बँकेत जाऊन पैसे आणून सगळ्यांना सरळ देईल असा माणूस कोण? तो सगळ्यात लाडका असायची गरज नाही. भरवशाचा असला पाहिजे. तो नातेवाईकच पाहिजे असंही कायदा म्हणत नाही.

आजींनी हे ऐकलं आणि वेगळाच मुद्दा काढला. त्या म्हणाल्या, "मोठा मला सांभाळतो. त्याला थोडं जास्त मिळावं असं मला वाटतं. मग?" मन त्यांचं बरोबर आहे. पण त्याचं उत्तर नॉमिनीच्या रकान्यात नाही, मृत्युपत्रात आहे. एफडी आजींच्या स्वतःच्या नावाची आणि हक्काची आहे, तर ती कोणाला किती द्यायची हे त्या मृत्युपत्रात लिहू शकतात. मृत्युपत्रावर त्यांची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्याला वाटा मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नये. रजिस्टर करायची सक्ती नाही, पण अंगठा करणाऱ्या, वय झालेल्या माणसाने सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर केलेलं बरं. नंतर "आईला कळत नव्हतं, तुम्ही अंगठा उठवला" असं म्हणायला जागा कमी राहते.

आपल्या तालुक्यांत एक गोष्ट विसरता येत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा घरांत कोणाला किती हे त्या कायद्याच्या हिशोबाने सांगता येत नाही. मुस्लिम आणि ख्रिस्ती घरांचे वारसा कायदेही वेगळे. वर दिलेला दोन-दोन लाखांचा हिशोब सगळ्यांना लावू नका. आपल्या घरातला हिशोब समजत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे विचारा. बाईमाणसांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न किती याची अट नाही.

चार नावं देता येतात, पण टक्के म्हणजे वाटा नव्हे

पूर्वी बँकेच्या एका खात्याला एकच नॉमिनी देता यायचा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नावं देता येतात. त्याचे दोन प्रकार आहेत आणि फॉर्म भरताना दोन्हींमध्ये गोंधळ होऊ देऊ नका.

पहिला प्रकार, सगळी नावं एकाच वेळी. प्रत्येकापुढे टक्के लिहायचे आणि बेरीज शंभर व्हायला पाहिजे. दुसरा प्रकार, एकापाठोपाठ एक. पहिला हयात असेल तर पैसे त्याच्या हातात, तो आधीच गेला असेल तर दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या. लॉकरला फक्त हा दुसराच प्रकार चालतो.

आजींच्या एफडीला पहिला प्रकार केला आणि मोठ्याला ४० टक्के, धाकट्याला ३०, मुलीला ३० असं लिहिलं तर बँक मोठ्याला २,४०,००० आणि बाकी दोघांना १,८०,००० प्रत्येकी देईल. त्यात एक फायदा आहे. पैसे एकाच्या हातात जात नाहीत, मुलीला भावाच्या मागे लागावं लागत नाही. पण लक्षात ठेवा, हे टक्के बँकेने कोणाच्या हातात किती ठेवायचे यासाठी आहेत. मृत्युपत्र नसेल तर मालकी तिघांची सारखीच, दोन-दोन लाख. मग मोठ्याकडचे जास्तीचे ४०,००० धाकट्याला आणि बहिणीला वीस-वीस हजार असे देणं लागतात. म्हणून मोठ्याला खरोखरच जास्त द्यायचं असेल तर आधी मृत्युपत्र करायचं आणि फॉर्मवरचे टक्के मृत्युपत्राशी जुळवायचे. दोन कागद दोन गोष्टी बोलायला लागले की भांडण आलंच.

टक्क्यांच्या प्रकारात आणखी एक खाच आहे. तिघांपैकी एक नॉमिनी पैसे मिळण्याआधीच वारला तर त्याचे टक्के आपोआप बाकीच्या दोघांना जात नाहीत. तेवढ्या रकमेला नॉमिनीच नाही असं बँक धरते. एकापाठोपाठ एकच्या प्रकारात हा प्रश्न येत नाही, कारण पुढचं नाव तयार असतं.

नॉमिनी मेलेला असेल तर

क्लार्क ताईंनी सांगितलं की सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. खातं उघडताना नवऱ्याने बायकोचं नाव दिलं, बायकोने नवऱ्याचं. वीस वर्षांनी एक गेला. दुसऱ्याने नाव बदललंच नाही. पासबुकावर "नॉमिनेशन रजिस्टर्ड" असं इंग्रजीत छापलेलं असतं, म्हणून घरात सगळे निर्धास्त. दुसराही गेल्यावर कळतं की कागदावरचा नॉमिनी कधीच वर गेला आहे.

आमच्या घरी हेच झालं. वडिलांच्या खात्याला आजीचं नाव होतं. आजी वडिलांच्या आधी आठ वर्षं गेली. वडील गेल्यावर मी बँकेत गेलो, तेव्हा कळलं की खात्याला आता नॉमिनीच नाही. कोणती बँक ते सांगत नाही, चूक आमचीच होती. पण मग आईची, माझी, दोन्ही बहिणींची कागदपत्रं, हमीपत्र, सह्या हे सगळं गोळा करताना एका बहिणीला सुरतेहून दोनदा यावं लागलं. भाताची कापणी तशीच राहिली होती. खात्यात रक्कम फार मोठी नव्हती, पण फेऱ्या तेवढ्याच.

अशा वेळी आता नियम थोडे सोपे झाले आहेत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये सगळ्या बँकांसाठी एकच पद्धत ठरवून दिली आणि ती लागू करायला ३१ मार्च २०२६ पर्यंतची मुदत दिली. नॉमिनी नसेल आणि घरात वाद नसेल तर ठराविक रकमेपर्यंत कोर्टाचा उत्तराधिकार दाखला न मागता बँकेने पैसे द्यायचे. ही मर्यादा सहकारी बँकेत पाच लाख, बाकीच्या बँकांत पंधरा लाख. बँक यापेक्षा जास्त मर्यादा ठेवू शकते. त्यासाठी क्लेम फॉर्म, मृत्यूचा दाखला, दावा करणाऱ्यांची ओळखपत्रं, हमीपत्र आणि जे वारस दावा करत नाहीत त्यांची ना हरकत द्यावी लागते. वारस कोण कोण हे दाखवायला वारस दाखला किंवा कुटुंबाला ओळखणाऱ्या तिऱ्हाईत माणसाचं प्रतिज्ञापत्र चालतं. मर्यादेच्या वरच्या रकमेला बँक आणखी कागद आणि जामीन मागू शकते.

आजींची सहा लाखांची एफडी राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, म्हणजे पंधरा लाखांच्या आतली. तीच एफडी एखाद्या सहकारी बँकेत असती आणि त्या बँकेची मर्यादा पाच लाखांचीच असती, तर नॉमिनीशिवाय घरच्यांना जास्त कागद लागले असते. आणि दोन्हीकडे एक गोष्ट सारखी : एक जरी वारस सही करायला नाही म्हणाला की सोपी पद्धत बंद, मग कोर्ट.

नॉमिनी असेल तर हमीपत्र, ना हरकत, वारस दाखला यातलं काही लागत नाही. सगळे कागद पूर्ण दिल्यापासून पंधरा दिवसांत बँकेने पैसे द्यायचे आहेत. बँकेमुळे उशीर झाला तर भरपाई म्हणून व्याज द्यायचं आहे. म्हणून कागद दिले त्या दिवशी तारखेची पोच घ्या. पोच नसेल तर पंधरा दिवस कुठून मोजायचे?

इथे एक सावधगिरी. घरातला माणूस गेला की त्याचं एटीएम कार्ड आणि पिन कोणाला तरी माहीत असतो. "खर्चाला लागतात" म्हणून मशीनमधून पैसे काढले जातात. नॉमिनी असला तरी हे करू नका. मेलेल्या माणसाच्या कार्डाने पैसे काढले ते बँकेच्या नोंदीत तारखेनिशी दिसतं, आणि वाटणीच्या वेळी बाकीचे वारस नेमका त्याच पैशांचा हिशोब मागतात.

आजी बँकेत गेल्या तेव्हा

चिठ्ठी वाचून झाल्यावर आठ दिवसांनी आजी परत बोईसरला गेल्या. सोबत नातू आणि शेजारचे दोघे साक्षीदार. नातू अठराच्या आतला असल्याने तो साक्षीदार म्हणून चालणार नव्हता. जो सही करतो त्याला नॉमिनीच्या फॉर्मसाठी साक्षीदार लागत नाहीत, अंगठ्यालाच लागतात. घरातल्या कोणाची परवानगी किंवा सही लागली नाही.

सेव्हिंग खात्याचा आणि एफडीचा फॉर्म वेगवेगळा भरावा लागला. हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. खात्याला नाव दिलं की एफडीलाही लागलं असं धरून चालू नये. प्रत्येक पावती काढून बघायची, तिच्यावर नॉमिनेशन आहे का. नवऱ्याबायकोचं जॉइंट खातं असेल आणि "दोघांपैकी एक किंवा मागे राहील तो" असं लिहिलेलं असेल, तर एक गेल्यावर पैसे मागे राहिलेल्याला मिळतात, नॉमिनीला नाही. नॉमिनीची पाळी दोघं गेल्यावर येते.

आजींनी सेव्हिंग खात्याला मुलीचं नाव दिलं. एफडीला एकापाठोपाठ एक असा प्रकार घेतला : आधी मोठा मुलगा, मग मुलगी, मग धाकटा. ताईंनी विचारलं, "टक्के नको का?" आजी म्हणाल्या, "टक्क्याचं मी कागद करून सांगेन. इथे फक्त कोण आणायला येईल ते लिही."

मला वाटतं, नॉमिनी या शब्दाचा अर्थ आजींना आमच्यापेक्षा बरा समजला.

फॉर्म दिल्यावर ताईंनी शिक्का मारलेली पोच दिली आणि पासबुकात नवीन नोंद छापून दिली. आजींनी नावं छापून घेतली. घरी येऊन तिन्ही मुलांना रविवारी बोलावलं आणि पासबुक मधे ठेवलं. मोठ्याला सांगितलं, "तुझं नाव पहिलं आहे ते पैसे तुझे म्हणून नाही. तू आणशील म्हणून." मृत्युपत्रासाठी त्या आता पालघरला जाणार आहेत.

तुमच्या घरातलं पासबुक आणि एफडीची पावती आज काढा. नॉमिनीच्या जागी कोणाचं नाव आहे ते वाचा आणि तो माणूस हयात आहे का ते बघा. नोंद छापलेली नसेल किंवा वाचता येत नसेल तर बँकेच्या काउंटरवर फक्त एवढं विचारा, "माझ्या खात्याला नॉमिनी कोण आहे?" आपल्या खात्याची ही माहिती विचारायचा आपल्याला हक्क आहे.